समाजकार्यातली नोकरी आणि पैशाचं गणित: तुमचे अनुभव सांगा

कडूनिंब: नंदुरबारला एका संस्थेत पोषणाच्या प्रकल्पावर आहे. काम आवडतं, सोडायचं नाहीये. पण लेटरवर 'कन्सल्टंट' लिहिलंय, ४० हजार ठरलेत आणि हातात ३६ येतात. होम लोनला बँकेने पगारदारांचा फॉर्म १६ मागितला तर माझ्याकडे कन्सल्टंटचा १६ए! या क्षेत्रात टिकलेल्यांनी कसं जमवलं ते लिहा ना.

शेवंता: खरं सांगू? नवरा आयटीत आहे, घराचा हप्ता तो भरतो. माझी पॅशन त्याच्या पगारावर चालते. आमच्याकडे गावातली, घर चालवणारी पोरं होती, त्यांना कामातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं, ती एकेक करून भरतीच्या परीक्षांना गेली.

हिशोबनीस: संस्थांचे हिशोब बघतो म्हणून लिहितो. ते कापलेले ४ हजार बुडत नाहीत, टीडीएस आहे, रिटर्न भरलं की टॅक्समध्ये वळते होतात नाहीतर परत येतात. जातं ते वेगळंच. समजा दुसरीकडे ३५ च मिळाले पण कर्मचारी म्हणून, बेसिक २० हजार आणि पीएफ पूर्ण बेसिकवर. तर तुमच्या २४०० सोबत संस्थेचे वेगळे २४०० दर महिन्याला पीएफला जातात, आणि सहा वर्षांनी सोडलं तर ग्रॅच्युइटी २० हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ६, म्हणजे ६९ हजारांच्या वर. कन्सल्टंटला यातलं काहीच नाही. संस्था हे दुष्टपणाने करते असं नाही, फंडर दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाचे पैसे देतो आणि ग्रॅच्युइटी त्यानंतर द्यायची वेळ येते, तेव्हा ती कुठून काढायची?

घाटमाथा: सगळं परदेशी देणग्यांच्या त्या कायद्यामुळे, एफसीआरएमुळे. २०२० पासून पगारावर २० टक्क्यांच्या वर खर्चच करता येत नाही.

हिशोबनीस: अर्धं बरोबर. ती मर्यादा प्रशासकीय खर्चाची, आधी ५० होती. संस्थेच्या शाळेतल्या शिक्षिकेचा पगार त्यात धरत नाहीत. मार बसतो ऑफिसातल्या लोकांना. आणि कडूनिंबचा पैसा परदेशी आहे की इथल्या कंपन्यांच्या सीएसआरचा, हे तरी कुठे माहितीये आपल्याला?

माईआजी: मला दरमहा थोडे पैसे द्यायचेत, ८०जी ची पावती मिळते का?

शेवंता: माई, इथे नोकरीचं चाललंय 😄 संस्थेकडे ८०जी चं प्रमाणपत्र आहे का ते आधी विचारा.

कडूनिंब: सीएसआरचाच आहे. आता मधेच कर्मचारी करून घ्या म्हणू का?

हिशोबनीस: मधे बोलून फार होत नाही, ठरलेल्या बजेटमध्ये ती ओळच नसते. पुढच्या ग्रँटचा प्रस्ताव जायच्या आधी बोला, पीएफ-ग्रॅच्युइटीची ओळ टाका म्हणावं. आणि लोनला दोन-तीन वर्षांची रिटर्न्स घेऊन दुसऱ्या बँकेत विचारून बघा.

घाटमाथा: ओळ टाकली की फंडर तीच पहिली खोडतो, आमच्याकडे दोनदा झालंय.

शेवंता: आमच्याकडे एकाने मान्य केली होती. पण मग दोन माणसं कमी घेतली.