शब्दचर्चा: अहवालातलं ‘कारण’ आणि ‘मूळ कारण’

पाळीप्रमुख: आमच्याकडे चपटी खोकी उघडून त्यात माल भरणारं मशीन आहे. हल्ली ते वारंवार जाम होतं. अहवालाच्या छापील नमुन्यात ‘कारण’ आणि ‘मूळ कारण’ असे दोन रकाने आहेत. ऑपरेटरने पहिल्यात लिहिलं ‘खोकं अडकलं’, दुसऱ्यात ‘खोकं नीट उघडलं नाही’. ‘पाच वेळा का विचारा’ असा शेरा मारून अहवाल परत आला. मग त्याने पाच ओळी भरल्या आणि शेवटची ओळ होती ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’. ही ओळ मला पटत नाही. या दोन शब्दांत मराठीत नेमका फरक काय धरायचा?

अक्षरवेडा: ‘जाम’ऐवजी ‘अवरोध’ किंवा ‘अटकाव’ लिहिता येईल. अहवालात शोभूनही दिसेल.

पाळीप्रमुख: ‘जाम’बद्दल माझी तक्रार नाही, तो शब्द पाळीतल्या सगळ्यांना कळतो. प्रश्न ‘मूळ कारण’ या रकान्याचा आहे.

साक्षेपी: माझ्या मते पहिल्या रकान्याला ‘निमित्त’ म्हणावं. खोकं अडकणं हे निमित्त, खरं कारण दुसरंच. आणि निमित्ताला काही महत्त्व नसतं, ते गाळलं तरी चालेल.

पदच्छेद: रोजच्या बोलण्यात हे बरोबर आहे. ‘निमित्त झालं’ म्हणताना खरं कारण वेगळं आहे असंच आपण सुचवतो. पण न्यायशास्त्रात घड्याचं निमित्त कारण म्हणजे कुंभार, त्याला कोण गाळेल? शिवाय अहवालातून ती ओळ गेली तर पुढचे ‘का’ कशाला विचारायचे तेच कळणार नाही. मला त्याहून ‘का’ हा शब्द खटकतो. ‘खोकं का अडकलं?’ यात कारण विचारलेलं आहे. ‘तू हे का केलंस?’ म्हटलं की जाब विचारल्यासारखं होतं आणि समोरचा बचाव करू लागतो. तिथे ‘कशामुळे’ विचारलं तर उत्तर माणसाकडून वस्तूकडे वळतं. ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ ही ओळ त्या जाब विचारण्यातून आली असावी.

जुना फिटर: शब्दाचा मुद्दा मान्य, पण ‘कशामुळे’ विचारूनही माणूस अंदाजच सांगू शकतो. पाळीप्रमुख, आधी हे सांगा: अडकलेलं खोकं कोणत्या अवस्थेत सापडतं? खोकं व्हॅक्युमने धरणारे रबरी कप ते सोडतात ते उचलताना की उघडताना? आणि व्हॅक्युमचा गेज नेमका कुठे बसवलाय?

पाळीप्रमुख: खोकं अर्धवट उघडलेलं, साखळीच्या कप्प्यात तिरकं बसलेलं असतं. मग ओव्हरलोड क्लच सुटतो आणि मशीन थांबतं. उचलताना सगळं ठीक असतं. उघडताना मागचा कप सोडून देतो. गेज पंपाजवळ आहे, त्यावर व्हॅक्युम चांगला दिसतो. म्हणून तर सगळे म्हणतात की मशीन ठीक आहे, भरणाऱ्याचंच लक्ष नाही.

जुना फिटर: गेज पंप आणि फिल्टरच्या मध्ये असेल तर त्या आकड्यावर जाऊ नका. फिल्टर चोंदला की पंपाच्या बाजूला व्हॅक्युम उलट जोरदारच दिसतो, कारण पंपाला हवा मिळत नाही. तिकडे कपापाशी ओढ राहत नाही. पुठ्ठ्यातून थोडी हवा सतत झिरपत असते, ती काढून टाकायला चोंदलेला फिल्टर वाव देत नाही. कपाजवळच्या नळीत टी जोडून दुसरा गेज लावा आणि मशीन चालू असताना बघा. मग फिल्टर साफ करून पुन्हा तोच आकडा बघा.

पाळीप्रमुख: लावून पाहिला. पंपाजवळ उणे ०.७ बार, कपाजवळ चालू मशीनवर जेमतेम उणे ०.३. फिल्टरमध्ये पुठ्ठ्याचा भुसा गच्च बसला होता. साफ केल्यावर कपाजवळ उणे ०.६ आला. वेळापत्रकात फिल्टरची सफाई महिन्यातून एकदा आहे आणि ती वेळेवर झालेली आहे. मात्र मध्यंतरी खोक्यांचा पुरवठादार बदलला. या खोक्यांच्या कडा खरखरीत आहेत, हात फिरवला तरी भुसा लागतो.

जुना फिटर: मग साखळी तुमच्याच उत्तरांत आहे. मशीन थांबलं, कारण तिरक्या खोक्याने क्लच सुटला. खोकं तिरकं बसलं, कारण मागच्या कपाने मध्येच सोडलं. कपाने सोडलं, कारण तिथे व्हॅक्युम कमी होता. तो कमी होता, कारण फिल्टर चोंदला होता. सफाई वेळेवर होऊनही फिल्टर चोंदला, कारण महिन्याची मुदत जुन्या खोक्यांच्या भुशावर ठरली होती. आणि मुदत बदलली नाही, कारण खोकी बदलताना मेंटेनन्सला कळवायची पद्धतच तुमच्याकडे नाही.

आता हीच साखळी खालून वर ‘म्हणून’ लावून वाचा: मेंटेनन्सला कळलं नाही, म्हणून मुदत तीच राहिली, म्हणून फिल्टर चोंदला, असं वरपर्यंत. प्रत्येक जोड टिकतो. ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष, म्हणून फिल्टर चोंदला’ हे वाचून बघा. फिल्टर साफ करणं त्याच्याकडे नाहीच, त्यामुळे जोड तिथेच तुटतो.

दर्जापाहणी: पण हे सहा ‘का’ झाले. पद्धत टोयोटाची आहे आणि तिथे पाचच सांगितलेत. आमच्याकडे तपासनीस पाच ओळी मोजतात.

जुना फिटर: टोयोटाच्या ताइइची ओनो यांचं गाजलेलं उदाहरण बघा. मशीन बंद पडलं, कारण जादा भार येऊन फ्यूज उडाला. भार आला, कारण बेअरिंगला वंगण पुरेसं नव्हतं. वंगण नव्हतं, कारण पंप पुरेसं ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. शाफ्ट झिजला, कारण गाळणी नव्हती आणि धातूचा चुरा आत गेला. ते तिथे थांबतात, कारण गाळणी बसवली की हा प्रकार पुन्हा होत नाही. आकडा पाच भरला म्हणून थांबलेले नाहीत. फ्यूज बदलून सोडून दिलं असतं तर काही दिवसांनी पुन्हा उडाला असता.

कचेरीतला: आमच्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. का? कागद दमट. दमट का? खोलीत ओल. ओल का? पावसाळा. मूळ कारण पावसाळा लिहून फाईल बंद झाली. ते चूक होतं का?

पदच्छेद: खोटं नाही, पण त्या ओळीवर कुणाला काही करता येत नाही. ‘कागदाचं पाकीट उघडं राहतं’ या ओळीवर करता येतं. या रकान्यात ‘मूळ’ म्हणजे सगळ्यात दूरचं असं मी धरणार नाही. जे बदललं तर त्याच्या वरचं सगळं घडायचं थांबेल आणि जे बदलणं आपल्या हातात आहे, ते मूळ.

साक्षेपी: मग ज्याच्या हातात जे आहे तेवढंच त्याचं मूळ कारण? फिटरसाठी फिल्टर आणि व्यवस्थापकासाठी खरेदीची पद्धत? शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याच्या हुद्द्यावर ठरू लागला.

पदच्छेद: हा आक्षेप रास्त आहे. माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही.

जुना फिटर: म्हणून मी अहवालात दोन्ही लिहितो. फिल्टर आज साफ केला, खोकी बदलण्याच्या अर्जावर मेंटेनन्सची सही अमुक तारखेपासून. दुसरं लिहिलं नाही तर पुढच्या पुरवठादाराच्या वेळी हेच होणार.

पाळीप्रमुख: तसं लिहिलं. ‘कारण’: कपापाशी व्हॅक्युम कमी, फिल्टर चोंदलेला. ‘मूळ कारण’: खोकी बदलताना फिल्टर सफाईची मुदत तपासली जात नाही. फिल्टर आता दर आठवड्याला उघडणार आहोत. जाम खूप कमी झालेत, पण पाळी सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात अजून एखादा होतोच आणि तेव्हा कपाजवळ व्हॅक्युम पूर्ण असतो.

जुना फिटर: मग तो या साखळीतला नाही, त्याला वेगळी फांदी काढा. या अहवालात मिसळू नका. मशीनवर चपट्या खोक्यांचा गठ्ठा ठेवायच्या मॅगझिनमध्ये रात्रभर दाबून राहिलेली खोकी घडीवर ताठ होतात, हा माझा संशय.

दर्जापाहणी: मला तर सकाळी गार असलेल्या कपाचं रबर कडक राहत असेल असं वाटतं.

जुना फिटर: तेही असेल. उद्या पाळी सुरू करताना मॅगझिनमधली जुनी खोकी काढून नव्या गठ्ठ्यातली भरा, कप मात्र तेच ठेवा. तरीही जाम झाला तर माझा संशय गेला.