चूक स्वतःहून कळवली की शिक्षा माफ, हे कितपत बरोबर?

कटिंगचहा: विमान कंपन्यांत म्हणे वैमानिकाने स्वतःची चूक कळवली तर नाव गुप्त राहतं आणि शिक्षाही नाही. मग बेफिकीर माणसाला मोकळं रानच मिळालं की!

उंचीमापक: 1 डिसेंबर 1974. टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं 514 क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे येत होतं. नियंत्रकाने अप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याची, परवानगी दिली. चार्टवर त्या टप्प्यासाठी किमान 3,400 फुटांचा आकडा होता, कॉकपिटमध्ये त्यावर बोलणंही झालं. पण परवानगी मिळाली म्हणजे 1,800 फुटांपर्यंत उतरता येतं, असा अर्थ कॅप्टनने लावला. नियंत्रकाच्या मते उंची सांभाळणं वैमानिकाचं काम. विमान डोंगरावर आदळलं, 92 जण गेले. सहा आठवडे आधी तिथेच, त्याच गैरसमजातून युनायटेडचं एक विमान थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या लोकांना सावध केलं. टीडब्ल्यूएपर्यंत ते पोचलंच नाही. आता सांगा, त्या युनायटेडवाल्यांना निलंबनाची भीती असती तर त्यांनी तरी तोंड उघडलं असतं का?

नियमवाला: पण तिकडे अमेरिकेत चूक कळवणारा फॉर्म नासाला पाठवला की कारवाई होऊच शकत नाही. कटिंगचहांचा मुद्दा रास्त आहे.

उंचीमापक: अर्धंच खरं. फॉर्म 10 दिवसांत जायला हवा, चूक नकळत झालेली हवी, अपघात किंवा गुन्हा नसावा, मागच्या 5 वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नसावा. एवढं जुळलं तरी नियमभंगाची नोंद होऊ शकते. फक्त दंड किंवा लायसन्सचं निलंबन टळतं. फॉर्मवरची नावाची पट्टी तारखेचा शिक्का मारून परत येते, तोच तुमचा पुरावा. आणि नासाच का? 1975 मध्ये एफएए या तिथल्या विमान नियामक संस्थेने स्वतः ही योजना काढली, पण जो लायसन्स काढून घेतो त्यालाच चूक कोण सांगणार? म्हणून 1976 पासून ती नासाकडे.

रॅम्पवरचा: आमच्याकडे पेटी आहे. बॅगा चढवणारा बेल्ट लोडर विमानाला घासल्याची निनावी चिठ्ठी टाकली, सुपरवायझरने अक्षर ओळखलं. पुढचे दोन महिने रात्रपाळी! थरांच्या कॉम्पोझिट पत्र्याला वरून पोचा दिसत नाही, आत थर सुटलेले असू शकतात, म्हणून तर कळवलं होतं.

उंचीमापक: किल्ली सुपरवायझरकडे असेल तर ती पेटी नावालाच. शिवाय चिठ्ठी निनावी असली की कोणतं विमान, कोणता दरवाजा, हे विचारायला फोन कुणाला करणार? नाव सेफ्टी विभागाला कळावं, शंका फिटल्यावर काढून टाकावं आणि लाइन मॅनेजरपर्यंत जाऊच नये.

प्रवासी_पुणे: बॅगेचं चाक तुटलं तर इथेच कळवायचं का?

नियमवाला: नाही हो, ती तक्रार बॅगेज काउंटरवर.

कटिंगचहा: बरं, 514 चं पटलं. पण अहवाल वाढले म्हणजे धोका वाढला की लोक बोलायला लागले?

उंचीमापक: नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. फ्लाइट रेकॉर्डरचा डेटा शेजारी ठेवून बघावं लागतं.

नियमवाला: आणि त्याच डेटावरून वैमानिकाला धरलं तर?