मॅनेजमेंट ट्रेनीच्या अर्जात इंटर्नशिप कशी लिहायची? मदत हवी आहे, उद्या रात्री मुदत संपतेय

मुक्ता_इंदूर
नमस्कार. पदवी झाली आहे, एका मोठ्या साखळीच्या मॅनेजमेंट ट्रेनी प्रोग्रामला अर्ज करतेय. सोबत पत्र मागितलंय आणि इंटर्नशिपवर भर द्या असं त्यांनीच लिहिलंय. पत्र इंग्रजीत जाणार आहे, त्यातल्या मुख्य परिच्छेदाचा मजकूर इथे मराठीत देते:

"मी पंचतारांकित हॉटेलमध्ये २० आठवड्यांची इंटर्नशिप केली. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस आणि किचन या चारही विभागांत काम केले. त्यातून टीमवर्क, वेळेचे नियोजन आणि पाहुण्यांच्या समाधानाचे महत्त्व शिकले. मी मेहनती असून कोणत्याही शिफ्टमध्ये काम करण्यास तयार आहे."

सर ठीक आहे म्हणाले, पण वर्गातल्या आणखी तिघींची पत्रं वाचली तर त्यातही हेच आहे. काय बदलू? उद्या रात्री १२ पर्यंत भरायचंय, प्लीज लवकर सांगा.

वि_गो_पागनीस
मॅनेजमेंट ट्रेनीसाठी पत्रापेक्षा लेखी परीक्षा महत्त्वाची. अंकगणित, तर्कशक्ती आणि बँकिंगचं सामान्य ज्ञान रोज दोन-दोन तास करा. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, मुलाखतीत रेपो रेट हमखास विचारतात.

मुक्ता_इंदूर
काका, बँकेचं नाही, हॉटेलचं आहे.

लिनन_रूम
मुक्ता, आधी चार गोष्टी सांग. अर्ज कोणत्या शाखेसाठी आहे, रूम्स, किचन की सर्व्हिस? पत्राची फाइल जोडायची आहे की फॉर्मच्या चौकटीत लिहायचंय, आणि चौकट असेल तर अक्षरमर्यादा किती? सगळ्यात जास्त आठवडे कोणत्या विभागात होतीस? बॅकलॉग आहे का? हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला हवेत जाईल.

शेफ_बडोदा
हे सगळं नंतर. आधी ती शेवटची दोन वाक्यं काढ. टीमवर्क प्रत्येक जण लिहितो. आकडे लिही. नाश्त्याच्या बुफेला किती कव्हर होते, किती पोर्शन काढले, कुठली मशिनं हाताळली. आणि "मदत केली" असं कुठेही लिहू नकोस, "सेक्शन स्वतंत्रपणे सांभाळला" असं लिही. ट्रेनी म्हणून घेतात ते पुढे मॅनेजर करायला, त्यांना सांभाळणारा माणूस हवा असतो.

लिनन_रूम
शेफ, आकड्यांचं पटलं. "स्वतंत्रपणे सांभाळला" मात्र लिहू नये. पत्र वाचणारा स्वतः अशाच इंटर्नशिपमधून वर आलेला असतो. इंटर्नला मास्टर की सही करून घ्यावी लागते, खोली सुपरवायझरने तपासल्याशिवाय पाहुण्याला देत नाहीत, कॅशची जबाबदारी तर मिळतच नाही. त्यामुळे हा शब्द दिसला की मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "त्या शिफ्टला रोस्टर कोण लावत होतं?" उत्तर "सुपरवायझर" असं आलं की बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडतो.

मुक्ता_इंदूर
रूम्ससाठी. चौकट आहे, १५०० अक्षरं. बॅकलॉग नाही. हाउसकीपिंग ८ आठवडे, बाकी तीन विभाग ४-४. पण हाउसकीपिंगमध्ये काय लिहिणार? बेड लावले, बाथरूम केली, ट्रॉली भरली. सगळेच करतात.

लिनन_रूम
आठही आठवडे फ्लोअरवरच होतीस का?

मुक्ता_इंदूर
नाही, शेवटचे तीन कंट्रोल डेस्कवर. फोन घ्यायचे आणि रूम स्टेटस जुळवायचं. कंटाळवाणं काम होतं, म्हणून लिहिलं नाही.

लिनन_रूम
तुझं पत्र तिथेच आहे. जुळवायचं म्हणजे नेमकं काय करत होतीस ते क्रमाने लिही. खोल्या कधी जुळत नव्हत्या आणि का, तेही.

मुक्ता_इंदूर
सकाळी आणि दुपारी प्रत्येक फ्लोअरचा अटेंडंट खोल्या बघून शीट द्यायचा: सामान आहे, रिकामी आहे, चेकआउट झालेली, डीएनडी, सामान नाही पण बेड वापरलेला. ती डेस्कवर एकत्र करून फ्रंट ऑफिसच्या सिस्टिमशी ताडायची. जुळत नसेल ती खोली सुपरवायझर जाऊन परत बघायचे.

एरवी एक-दोन खोल्या असायच्या. लग्नाच्या दिवसांत खूप. सिस्टिममध्ये खोली सुटलेली आणि आत सामान, माणसं झोपलेली. कारण लग्नाच्या ग्रुपचं बिल यजमानाच्या एकाच खात्यावर. त्याने ११ वाजता पैसे दिले की ग्रुपच्या सगळ्या खोल्या एकदम चेकआउट. पाहुणे मात्र खालच्या हॉलमध्ये जेवायला किंवा खोलीत आवरत. एकदा नवीन पाहुण्याला तशी खोली दिली गेली होती, बेलमनने दार उघडलं तर आत माणसं.

मी सुपरवायझर मॅडमना म्हटलं की ग्रुपची खोल्यांची यादी आदल्या संध्याकाळीच मागवू या. फ्लोअरने खोली बघून डेस्कला कळवलं की मी यादीत खूण करायची आणि मगच फ्रंट ऑफिसला "सोडा" म्हणायचं. त्यांनी फ्रंट ऑफिस मॅनेजरांशी बोलून ते सुरू केलं. पण हे तर मॅडमनी केलं नं?

लिनन_रूम
तू पाहिलंस, कारण शोधलंस, सुचवलंस. मॅडमनी मंजूर करून लागू केलं. हे दोन्ही याच क्रमाने लिही. रूम्सच्या ट्रेनीकडून त्यांना नेमकं हेच हवं असतं, कारण पुढे असिस्टंट मॅनेजर म्हणून तिला हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिसच्या मधल्या अशाच जागा सांभाळायच्या असतात. बेड किती मिनिटांत लावतेस हे त्यांना शिकवता येतं.

फ्रंट_डेस्क_ग्वाल्हेर
यात फ्रंट ऑफिसची चूक दिसते, पण तसं नाही. यजमान निघण्याआधी मास्टर खातं बंद व्हावं लागतं, नाहीतर मिनीबार आणि लाँड्रीची वसुली राहून जाते. बिल चुकतं होणं आणि खोली सुटणं या सिस्टिममध्ये वेगळ्या पायऱ्या आहेत. पैसे घ्यावेत, पण खोल्या ग्रुप चेकआउटने एका फटक्यात सोडू नयेत, चावी आली तशी एकेक सोडावी.

लिनन_रूम
चावीवर भिस्त ठेवता येत नाही. लग्नात एका खोलीला दोन-तीन कार्डं दिलेली असतात, एक परत येतं, बाकीची खिशात. डोळ्यांनी खोली बघणं हाच पुरावा.

फ्रंट_डेस्क_ग्वाल्हेर
चाळीस खोल्या बघून होईपर्यंत दुपारचं चेकइन लॉबीत उभं राहतं, त्याचं काय? यादी चांगली आहे, पण ज्या खोल्यांवर त्या दिवशीचं बुकिंग लागलंय त्या आधी बघायला हव्यात. मुक्ता, मुलाखतीत हा प्रश्न तुला नक्की येईल, तयारी ठेव.

अनघा_सुदामानगर
मध्येच विचारते, क्षमस्व. मुलगा बारावीला आहे, त्याला याच कोर्सला पाठवायचंय. ग्वाल्हेरचं सरकारी आयएचएम चांगलं की भोपाळचं? प्रवेश परीक्षा कोणती?

फ्रंट_डेस्क_ग्वाल्हेर
ताई, दोन्हींना एनसीएचएम जेईई हीच परीक्षा. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, इथे हिची मुदत आहे.

शेफ_बडोदा
बरं, मग आकडा टाका: "न जुळणाऱ्या खोल्या १० वरून ३ वर आल्या." वाचणाऱ्याची नजर आकड्यावरच थांबते.

मुक्ता_इंदूर
साधारण तेवढंच असेल, पण शीट्स हॉटेलमध्येच आहेत. आठवणीतून सांगतेय.

लिनन_रूम
मग लिहू नकोस. शीट्सचे फोटो काढलेले असले तरी वापरू नकोस. खोली नंबर, पाहुण्यांची नावं, ऑक्युपन्सी, ग्रुपचा दर हे हॉटेलचं गोपनीय आहे आणि ते पत्रात दिसलं तर उद्या आमचंही बाहेर सांगेल असा अर्थ निघतो. कामाचा क्रम इतका नेमका आहे की आकड्यावाचून चालेल.

शेफ_बडोदा
मला नाही पटत. तिने ताडलेल्या शीट्स होत्या, "अंदाजे" म्हणून लिहायला काय हरकत आहे? आकडा नसला तर फरक पडला की नाही हे कळणार कसं?

लिनन_रूम
मॅडम तो आकडा फोनवर सांगायला तयार असतील तर जरूर लिही. त्यांना विचारल्याशिवाय नको. हा घे परिच्छेद, इंग्रजी तू कर:

"माझ्या २० आठवड्यांच्या इंटर्नशिपपैकी ८ आठवडे हाउसकीपिंगमध्ये गेले, त्यातले शेवटचे ३ कंट्रोल डेस्कवर. तेथे मी दिवसातून दोनदा फ्लोअरच्या शीट्स फ्रंट ऑफिसच्या नोंदींशी ताडत असे. लग्नाच्या ग्रुपमध्ये सर्वाधिक फरक येत होता, कारण यजमानाने एकत्रित बिल चुकते करताच सर्व खोल्या चेकआउट दाखवल्या जात, पाहुणे मात्र खोलीतच असत. ग्रुपची यादी आदल्या संध्याकाळी घेऊन फ्लोअरची खात्री झाल्यावरच खोली सोडावी, असे मी सुपरवायझरना सुचवले. त्यांनी फ्रंट ऑफिसशी बोलून ही पद्धत सुरू केली आणि यादीवर खुणा करण्याचे काम मला दिले. यानंतरच्या ४ आठवड्यांच्या फ्रंट ऑफिसमधील प्रशिक्षणात हाच प्रश्न मी काउंटरच्या बाजूने पाहिला."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेव. फ्रंट ऑफिस आधी झालं असेल तर क्रम उलट कर. बाकी दोन विभागांना मिळून एक ओळ पुरे. सुरुवात "मी अर्ज करू इच्छिते" अशा प्रस्तावनेने नको, पहिल्या ओळीत शाखा आणि कधीपासून रुजू होऊ शकतेस ते. १५०० अक्षरांत रिकाम्या जागाही सहसा मोजल्या जातात, म्हणून इंग्रजी १४०० च्या आत ठेव. चौकट भरली की काही फॉर्म पुढचा मजकूर न सांगता कापतात. आधी साध्या नोटपॅडमध्ये टाइप कर आणि मग पेस्ट कर, नाहीतर अवतरणचिन्हांच्या जागी चौकोन येतात.

मुक्ता_इंदूर
फ्रंट ऑफिस नंतरच झालं, त्यामुळे वाक्य राहील. हॉटेलचं नाव पहिल्या ओळीत घालू का? आणि मॅडमचं नाव?

शेफ_बडोदा
हॉटेलचं नाव अगदी सुरुवातीला. मोठं नाव दिसलं की पुढे वाचतात.

फ्रंट_डेस्क_ग्वाल्हेर
अर्ज दुसऱ्या साखळीला आहे नं? मग नाव सुरुवातीला मिरवू नये असं मला वाटतं. "इंटर्नशिप" शब्दाला जोडून एकदा येऊ दे.

लिनन_रूम
नावाबद्दल दोन्ही चालतं. मॅडमचं नाव मात्र परवानगीशिवाय नको. सकाळच्या ब्रीफिंगच्या वेळी फोन करू नकोस, दुपारी शिफ्टचं हँडओव्हर झाल्यावर कर. आकड्याचं त्याच फोनवर विचार. आणि सर्टिफिकेट काढून बघ. तारखांवरून खरंच २० आठवडे होतात का? सुट्टीचे दिवस वजा करून १९ लिहिलं असेल तर पत्रातही १९ च.

मुक्ता_इंदूर
सर्टिफिकेट आत्ता काढलं. तारखांनी २० च होतात, पण विभागवार आठवडे त्यावर नाहीत, फक्त लॉगबुकमध्ये आहेत.

लिनन_रूम
लॉगबुकच्या ज्या पानावर विभागप्रमुखांच्या सह्या आहेत ते स्कॅन करून सर्टिफिकेटच्याच पीडीएफमध्ये दुसरं पान म्हणून जोड. फॉर्म एकच फाइल घेत असेल तर वेगळी दिलेली राहून जाते.