मदत हवी आहे: धावायला लागला की माझा पोरगा बाजूला उडी मारतो (स्प्राइट शीट)

घणसोलीचा_गण्या
छोटा गेम करतोय. पोरगा ठाणे स्टेशनच्या सॅटिस पुलावरून धावत वाशी लोकल पकडतो, एवढीच गोष्ट. आयडल, रन आणि जंप अशा तिन्ही शीट स्वतः काढल्यात. वेगवेगळ्या चालवून बघितल्या तर एकदम झकास. गेममध्ये मात्र उभा असताना बटण दाबलं की पोरगा झटक्यात बाजूला सरकतो आणि मग धावतो. डावीकडे वळवला की अजून जास्त. उडी मारताना पाय जमिनीत रुततात. शनिवारी मित्रांना दाखवायचाय, लवकर सांगा.

अण्णा_नौपाडा
वाशी लोकल सॅटिसवरून पकडत नाहीत, सॅटिसवर बस लागते. नऊ-दहा नंबर फलाटावर यायला लागेल त्याला. आधी नकाशा नीट करा.

घणसोलीचा_गण्या
अण्णा, पुलावरून खाली उतरूनच जातो तो, ती दुसरी लेव्हल आहे. प्रश्न वेगळा आहे.

पिक्सेल_पंत
टेक्स्चर फिल्टर Nearest कर. बाकी काही नाही. ते लिनियर राहिलं की सगळं हलल्यासारखं दिसतं. मला हाच त्रास होता, एका मिनिटात गेला.

घणसोलीचा_गण्या
Nearest पहिल्यापासून आहे. धूसर दिसत नाहीये, सरकतोय.

वैदेही_कळवा
कुठलं इंजिन, कशात काढलंस, कॅनव्हास केवढा, एक्सपोर्ट करताना कुठल्या खुणा चालू होत्या? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस. शीट एक आहे की तीन, तेही सांग.

घणसोलीचा_गण्या
गोडो ४, एसप्राइट. तीन फाइली, तीन पीएनजी. आयडल आणि रन ३२×३२, जंप ३२×४८ कारण उडीला जागा लागते. एक्सपोर्टला Trim Sprite चालू ठेवलं होतं, उगाच रिकामी जागा कशाला.

युनिटीवाला_बंटी
म्हणून सांगतो युनिटी घ्या. स्प्राइट एडिटरमध्ये पिव्हट Bottom केला की विषय संपला. गोडोत असल्या गोष्टींना उगाच डोकं लावावं लागतं.

वैदेही_कळवा
बंटी, पिव्हट तळाशी नेला तर पाय रुतायचे थांबतील, बाजूला सरकणं थांबणार नाही. Bottom म्हणजे तळाचा मध्य, आणि गडबड मध्यातच आहे.

गण्या, कापल्यावर प्रत्येक पीएनजीतल्या एका फ्रेमचं माप किती उरलं ते सांग. आणि उडीत पोरगा चित्रातच वर वर जातो का?

घणसोलीचा_गण्या
आयडल १८×३०, रन २७×३०, जंप २०×४४. हो, वर जातोच की, उडी आहे ना ती!

वैदेही_कळवा
मग उत्तर इथेच आहे. Trim Sprite त्या फाइलमधल्या सगळ्या फ्रेम मिळून जेवढी जागा व्यापतात तेवढाच चौकोन ठेवतं. त्यामुळे एका फाइलच्या आत काही हलत नाही आणि वेगवेगळं चालवलं की झकास दिसतं. पण तीन फाइलींचे चौकोन तीन मापांचे झाले, आणि गोडोत Centered चालू असलं की प्रत्येक चौकोनाचा मध्य नोडवर बसतो. पोरगा कुठे आहे हे गोडोला माहीत नाही.

आयडलमध्ये धड मधोमध असेल, डावीकडून नवव्या पिक्सेलवर. रनमध्ये पुढचा हात लांब जातो, म्हणून चौकोन उजवीकडे वाढला. धड समजा डावीकडून अकरावर राहिलं, पण २७ चा मध्य साडेतेरा. म्हणजे धड अडीच पिक्सेल मागे गेलं. चौपट मोठं दाखवत असशील तर पडद्यावर दहा पिक्सेल. डावीकडे वळताना flip_h चौकोनाच्या मध्याभोवती आरसा धरतो, मग तोच फरक दुप्पट, वीस पिक्सेल. वळताना दुप्पट सरकला की मध्य चुकलाय हे ओळखायचं.

उडीचंही तसंच. ३० च्या चौकोनात तळ मध्यापासून १५ खाली, ४४ च्या चौकोनात २२ खाली. सात पिक्सेल जमिनीत.

घणसोलीचा_गण्या
ओके, मग तिन्हीचे Offset वेगवेगळे देतो.

वैदेही_कळवा
देता येतील, पण उद्या रनमध्ये एक बोट वाढवलंस तरी चौकोन बदलेल आणि आकडे परत शोधत बसशील. त्यापेक्षा तिन्ही एकाच फाइलमध्ये आण. कॅनव्हास ४८×४८, प्रत्येक अ‍ॅनिमेशनला टॅग. धडाची मध्यरेषा x=24 आणि टाचेखालची जमीन y=44, या दोन रेषा वेगळ्या लेयरवर आखून ठेव आणि एक्सपोर्ट करताना तो लेयर लपव. Trim Sprite आणि Trim Cels दोन्ही बंद. एवढ्याशा गेमला रिकाम्या जागेचा काही भार होत नाही. गोडोत Centered काढ, Offset (-24, -44) दे. नोड मग पायाशी येतो, म्हणून कोलिजनचा तळही y=0 वर आण.

आता उडी. वर न्यायचं काम कोड करतोय, चित्रानेही नेलं तर दोनदा वर जातो. चित्रात फक्त पवित्रा बदलायचा: वर जाताना ताणलेला, खाली येताना पाय पोटाशी, टेकल्यावर दबलेला. आणि उडीला लूप नको. हवेत किती वेळ राहील हे उंचीवर ठरतं, फ्रेमच्या संख्येवर नाही.

```
if is_on_floor():
    anim.play("run" if absf(velocity.x) > 5.0 else "idle")
elif velocity.y < 0.0:
    if anim.animation != "jump_up": anim.play("jump_up")
else:
    if anim.animation != "fall": anim.play("fall")
```

पिक्सेल_पंत
उडीचं पटलं. पण रन सहा फ्रेमचा असेल तर बारा करा, त्याशिवाय सफाई येत नाही.

वैदेही_कळवा
बारा फ्रेम म्हणजे प्रत्येक दुरुस्ती बारा वेळा. तीस पिक्सेलच्या पोराला सहा पुरतात, पाय घसरत नसतील तर.

घणसोलीचा_गण्या
पाय घसरतात! बर्फावर धावल्यासारखा दिसतो. ते लिहायचं राहिलं.

वैदेही_कळवा
कोडमधला वेग किती, आणि टेकलेला पाय दर फ्रेमला किती मागे काढलायस?

घणसोलीचा_गण्या
वेग १२०. पाय अंदाजे पाच पिक्सेल. अ‍ॅनिमेशन १० एफपीएस.

वैदेही_कळवा
सेकंदाला १२० पिक्सेल आणि १० फ्रेम, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जमीन १२ पिक्सेल मागे जाते. पाय पाचच जातो, उरलेले सात घसरतात. १५ एफपीएस केलंस तर जमीन आठ सरकेल, आणि टेकलेला पाय आठ मागे काढणं या मापात जमतं. किंवा वेग कमी कर.

पिक्सेल_पंत
एवढा हिशोब कोण बघतो? मोबाइलवर खेळणाऱ्याची नजर अडथळ्यावर असते. मी वेग नेहमी हाताला बरा वाटेल तो ठेवतो, पाय गेले उडत.

वैदेही_कळवा
दूरचा कॅमेरा असेल तर खपतं. सॅटिसवर फरशांच्या रेषा काढल्या असतील तर लगेच दिसतं.

सुलभाताई_खारघर
आयडल गेममध्ये खरंच पैसे मिळतात का? भाचा दिवसभर काही न करता नाणी गोळा करत बसतो. आणि एसप्राइट विकतच घ्यावं लागतं का?

वैदेही_कळवा
ताई, ते आयडल वेगळं, इथे नुसतं उभं राहून श्वास घ्यायचं चाललंय. एसप्राइट विकतचं आहे. सोर्स मिळतो, स्वतःपुरतं बिल्ड करता येतं, पण खटपट आहे. भाच्याला ब्राउझरमधलं पिस्केल द्या, फुकट आहे.

युनिटीवाला_बंटी
लिब्रेस्प्राइट पण आहे, एसप्राइटच्या जुन्या मोकळ्या कोडवरून निघालेलं.

घणसोलीचा_गण्या
सरकणं बंद! वळतानाही जागच्या जागी. वेग १२० च ठेवलाय, १५ एफपीएस केलं, पाय अजून काढायचेत. पण नवीन लफडं: टेकल्यावरचा दबलेला पवित्रा दिसतच नाही. play("land") टाकलंय.

पिक्सेल_पंत
ती फ्रेम जास्त वेळ ठेव.

वैदेही_कळवा
वेळ वाढवून उपयोग नाही. पाय टेकले की वरचा कोड पुढच्याच फ्रेमला idle लावतो. land संपेपर्यंत ती ओळ थांबवायला लागेल, animation_finished वर सोड. पण तेवढ्यात बटण दाबलं तर land तोडायचं की नाही, हे तू ठरव. मी तोडते, नाहीतर पोरगा चिकटल्यासारखा वाटतो.

पिक्सेल_पंत
मी नाही तोडत. वजन कळत नाही मग.

अण्णा_नौपाडा
दहा नंबरला उतरायचा जिना कुठे दाखवलाय?