हजेरी अहवालातल्या दुहेरी ओळी

> "दुरुस्ती झाल्याचा मेल आला, पण माझ्या फाइलमध्ये काही जण अजून दोनदाच दिसतात."

आधी डाउनलोड केलेली फाइल तशीच राहणार. महिना निवडून अहवाल नव्याने काढा. महिन्याच्या मध्येच ज्यांचा विभाग बदलला, त्यांची एकच हजेरी जुन्या-नव्या दोन्ही विभागांशी जोडली जात होती. आता त्या तारखेला लागू असलेलाच विभाग घेतला जातो. मूळ पंच एकच आहे, तेव्हा तिथलं काही खोडू नका.

A मध्ये कर्मचारी क्रमांक, B मध्ये तारीख, C मध्ये पाळी असेल तर रिकाम्या रकान्यात दुसऱ्या ओळीत हे टाकून खाली ओढा:

```
=COUNTIFS(A:A,A2,B:B,B2,C:C,C2)
```

सगळीकडे १ यायला हवा. पाळी वगळलीत तर एका दिवसात दोन पाळ्या करणारेही २ दाखवतील, आणि ते बरोबरच आहे. जुन्या फाइलवरून पगार काढला असेल तर मात्र हजर दिवस परत मोजा.