मॅग्नेशियम आणि हायड्रोजन: 8 मिली जास्त कुठून आले?

> 0.040 ग्रॅम मॅग्नेशियम विरल HCl मध्ये टाकलं. 22.4 लिटरच्या हिशोबाने 36.9 मिली हायड्रोजन यायला हवा, नळीत 45 मिली दिसतो. वजन चुकलं का? खोली 27°C, दाब 95.0 kPa.

वजन बरोबर आहे. 22.4 लिटर हा आकडा 0°C आणि 1 वातावरण दाबाचा. तुमची खोली तशी नाही.

मॅग्नेशियम 0.040 ÷ 24.3 = 0.001646 मोल, हायड्रोजनही तेवढाच. आता PV = nRT, तापमान 300 K. दाब थेट 95.0 घातला तर 43.2 मिली येतात, म्हणजे अजूनही कमीच. कारण वायू पाण्यावर जमा झालाय आणि त्यात बाष्प मिसळलंय. 27°C ला बाष्पदाब सुमारे 3.6 kPa, म्हणून हायड्रोजनच्या वाट्याला 91.4 उरतात:

0.001646 × 8.314 × 300 ÷ 91.4 = 0.0449 लिटर

झाले तुमचे 45 मिली!

फक्त वाचताना नळीतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करा. आतली 10 सेंमी वर राहिली तर आतला दाब जवळपास 1 kPa कमी असतो, आणि अर्धा मिली फुकट वाढतो. नळी गार होईपर्यंतही थांबा. ही अभिक्रिया चांगलीच तापते. उलट आकडा कमी आला, तर आधी फितीवरचा ऑक्साइडचा थर घासला होता का ते आठवा.