बाउमवोले म्हणजे लोकर नव्हे

> 'जर्मनीत स्वेटर बघतेय. लेबलवर ७०% बाउमवोले, ३०% पोलिअ‍ॅक्रिल. लोकरच ना? टबात ३०, खाली दोन रेघा, चौकोनातल्या गोलावर फुली?'

नाही ताई, सुती आहे. बाउम म्हणजे झाड, वोले म्हणजे लोकर; झाडाची लोकर म्हणजे कापूस! भाषांतराच्या अ‍ॅपने शब्द तोडला की हमखास 'लोकर' येतं. नुसतं वोले किंवा शूरवोले असेल तरच मेंढीची लोकर. उरलेलं ३०% अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. थंडीसाठी हवा असेल तर हा घेऊ नका.

टबातले ३० म्हणजे पाणी जास्तीत जास्त ३० अंश. दोन रेघा म्हणजे मशीनची सर्वांत नाजूक सायकल. एक रेघ असती तर थोडी कमी नाजूक. फुलीवाला गोल म्हणजे ड्रायर बंद. ओला स्वेटर दोरीवर टांगलात तर लोंबेल, टॉवेलवर पसरून वाळवा.